नऊ वर्षांचा निद्रानाश, रोजची गोळी आणि ‘अंथरुणात कमी वेळ राहा’ हा सल्ला

निशिगंधा (धागाकर्ती) | ७ जानेवारी

गेली नऊ वर्षे मला झोपेचा त्रास आहे. माझे वय ४७ आहे. आई आजारी असताना तिच्या उशाशी रात्री जागावे लागे. तेव्हा झोप मोडली ती मोडलीच. आई बरी होऊन बराच काळ लोटला, पण माझी झोप काही परत आली नाही. सहा वर्षांपासून क्लोनाझेपामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी रोज रात्री घेते. पहिल्या काही महिन्यांत गोळी घेतली की सकाळपर्यंत जाग येत नसे. आता गोळी घेऊनही दोन-अडीचला डोळे उघडतात, आणि घेतली नाही तर रात्र सरता सरत नाही.

गेल्या महिन्यात एका मानसशास्त्रज्ञांकडे गेले. त्यांनी निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे सीबीटी-आय, सुचवली आणि दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला सांगितली. डायरीत असे निघाले की मी रात्री ९:३० ला आडवी होते, सकाळी ६:३० ला उठते आणि त्या नऊ तासांत सरासरी ५ तास १० मिनिटे झोपते. डायरी पाहून त्यांनी सांगितले की येत्या सोमवारपासून रात्री १२:३० च्या आत अंथरुणात जायचे नाही आणि सकाळी ६ वाजता उठायचेच. दुपारी पडायचे नाही, आणि गोळीला तूर्तास हात लावायचा नाही.

मला हे उफराटे वाटते. जिला झोप पुरत नाही तिला अंथरुणातून बाहेर काढायचे, यामागे विचार काय आहे? ज्यांनी ही थेरपी घेतली आहे किंवा जे ती देतात, त्यांनी कृपया लिहावे. मला घरगुती उपाय नको आहेत, तेही सगळे करून झाले आहेत.

प्रसाद | ७ जानेवारी

निशिगंधाताई, माझ्या मते हा सल्ला फार कठोर आहे. नोकरी बदलली तेव्हा मलाही दोन महिने झोप येत नव्हती. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद केली, फोन खोलीबाहेर ठेवला, खोलीत पूर्ण अंधार केला आणि रोज दहाला आडवे व्हायचे ठरवले. झोप नाही लागली तरी डोळे मिटून शांत पडून राहायचो, कारण तेवढीही शरीराला विश्रांतीच असते. महिन्याभरात सगळे सुरळीत झाले. आधी एवढे नीट पाळून पाहावे, असे मला वाटते.

वसुधा | ८ जानेवारी

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि १४ वर्षे प्रामुख्याने निद्रानाशाच्याच रुग्णांबरोबर काम करते. प्रसाद यांचे म्हणणे त्यांच्या त्रासापुरते बरोबर आहे. दोन महिन्यांचा, कारण ठाऊक असलेला त्रास बहुतेक वेळा कारण निवळले की आपोआप ओसरतो, आणि तेव्हा अशा पथ्यांनी मदत होते. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले की मात्र आजाराची जात बदलते. ज्या कारणाने झोप मोडली ते कारण मागे पडते, आणि झोप परत मिळवण्यासाठी माणूस जे करत असतो तेच आता झोप मोडत राहते. ताई, तुमच्या बाबतीत आईचे आजारपण हे सुरुवातीचे कारण होते. आज तुम्हाला जागे ठेवते आहे ते साडेनऊला आडवे होणे. रात्र वाईट गेली, म्हणून दुसऱ्या दिवशी लवकर पडावे, हे अगदी स्वाभाविक आहे आणि नेमके तेच अंगाशी येते.

आपण जागे झालो की झोपेची भूक साठायला लागते आणि जितके तास जागे राहू तितकी ती वाढते. तुमचे शरीर सध्या पाच तासांची झोप देते आहे. ती पाच तासांची झोप तुम्ही नऊ तासांवर पसरली आहे, म्हणून ती विरळ झाली आहे आणि जागोजागी फाटते आहे. ५ तास १० मिनिटे म्हणजे ३१० मिनिटे, आणि नऊ तास म्हणजे ५४० मिनिटे. अंथरुणातल्या वेळेपैकी फक्त ५७ टक्के वेळ तुम्ही झोपेत असता. उरलेले पावणेचार-चार तास तुम्ही त्याच उशीवर जाग्या, चिडलेल्या आणि काळजीत असता, आणि हे वर्षानुवर्षे घडले की अंथरूण हीच जागे होण्याची खूण बनते. सोफ्यावर पेंगणाऱ्या माणसाचे डोळे अंथरुणाला पाठ टेकताच टक्क उघडतात, हे तुम्ही अनुभवले असेलच. म्हणून ‘झोप नाही तरी पडून राहा’ हा सल्ला जुनाट निद्रानाशात मी देत नाही. एखाद्याच रात्री झोप न येणाऱ्याला तो खुशाल द्यावा.

उपाय त्यातूनच निघतो. अंथरुणातला वेळ आधी प्रत्यक्ष झोपेएवढा आवळायचा, म्हणजे झोप सलग होते, आणि ती सलग झाली की वेळ थोडा थोडा सैल करायचा. ही पद्धत आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली. झोप नसेल तर अंथरूण सोडायचे, हा दुसरा भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्येच सांगितला होता. तुमच्या मानसशास्त्रज्ञांनी ५ तास १० मिनिटांऐवजी साडेपाच तास दिले आहेत, म्हणजे त्यांनी काळजी घेतली आहे. पाच तासांच्या खाली सहसा नेत नाहीत.

नियम सोपे आहेत, पाळणे अवघड आहे. १२:३० झाले तरी पेंग आली नसेल तर जायचे नाही. इथे थकवा आणि पेंग यांतला फरक ओळखायला शिका. अंग गळून गेले आहे पण डोके चालू आहे, हा थकवा. मान खाली पडते, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, ही पेंग. अंथरुणात गेल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, किंवा मध्येच जाग येऊन तेवढा वेळ गेला, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात शांत काही करत बसायचे आणि पेंग आली की परत यायचे. मिनिटे घड्याळात पाहायची नाहीत, घड्याळ पाठमोरे करून ठेवायचे. सकाळी ६ म्हणजे ६, रात्र कशीही गेली असो आणि रविवार असला तरीही. अंथरुणातल्या वेळेपैकी किती टक्के वेळ झोप झाली, याची आठवड्याच्या शेवटी सरासरी काढायची. ८५ टक्के किंवा अधिक असेल तर १५ मिनिटे वाढवायची, ८० ते ८५ च्या मध्ये असेल तर आहे तेच ठेवायचे, आणि ८० च्या खाली गेले तर वेळ आणखी आवळायचा.

सुरू करण्याआधी तीन गोष्टींची उत्तरे हवीत. झोपेत मोठ्याने घोरता का, किंवा श्वास अडकल्याचे घरच्यांनी पाहिले आहे का? संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असे होते का? फिट किंवा बायपोलरचा काही इतिहास आहे का? यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आणि पहिले दोन-तीन आठवडे लांबचे गाडी चालवणे टाळा, कारण दिवसा खरोखरच झोप येते.

निशिगंधा | ८ जानेवारी

वसुधाताई, मनापासून आभार. तिन्हींची उत्तरे नाही अशीच आहेत, हे प्रश्न मला तिथेही विचारले होते. सोमवारी सुरू करते.

श्रीधर | ९ जानेवारी

मी ७१ वर्षांचा आहे आणि दहा वर्षांपासून झोल्पिडेम घेतो. थेरपी तरुणांसाठी ठीक असेल. मी दोनदा गोळी बंद करून पाहिली. दोन्ही वेळा सलग दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि तिसऱ्या रात्री गोळी घेताच झोप लागली. म्हणजे माझ्या शरीराला ती लागते, हे सिद्धच झाले. रक्तदाबाची गोळी आपण जन्मभर घेतो, मग झोपेची घेतली तर काय बिघडते? मागच्या वर्षी रात्री बाथरूमला जाताना एकदा तोल जाऊन पडलो, खांद्याला मार लागला, एवढे सोडले तर काही त्रास नाही.

सतीश | ९ जानेवारी

श्रीधरकाका, मी जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. तुमच्या लिहिण्यातली शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आधी त्या दोन रात्रींबद्दल. रोजची गोळी एकदम थांबवली की झोप मूळच्यापेक्षाही बिघडते. मेंदूला त्या औषधाच्या हाताने शांत होण्याची सवय झालेली असते, आणि तो हात काढून घेतल्यावर काही रात्री मेंदू उलट जास्त सावध होतो. त्या रात्री गोळी निघाल्याचा परिणाम असतात. गोळीशिवाय तुमची झोप कशी आहे हे त्यांवरून कळतच नाही. रुग्णाला मात्र दर वेळी तसेच वाटते, आणि म्हणूनच गोळी सुटत नाही. तुमचे गणित चुकले असे मी म्हणणार नाही, तुम्हाला तपासून पाहायला मिळाले ते अपुरे होते.

रक्तदाबाच्या गोळीशी तुलना मला पटत नाही. ती गोळी वर्षानुवर्षे काम करत राहते. झोपेच्या गोळीचा असर सवयीने ओसरतो, तोटे मात्र राहतात, आणि वयाबरोबर वाढतात. वय वाढले की शरीरातून औषध हळू बाहेर पडते आणि तोल आधीच कमी झालेला असतो. रात्री अर्धवट झोपेत उठणे, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही साखळी आम्ही फार वेळा पाहतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी झोल्पिडेमची सुरुवातीची मात्रा निम्म्यावर आणली, कारण सकाळी गाडी चालवतानाही औषध रक्तात पुरेसे उरलेले आढळत होते. २०१९ मध्ये त्याच नियामकाने या गटातल्या गोळ्यांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही लोक झोपेतच चालत, स्वयंपाक करत, गाडीही चालवत आणि त्यांना काही आठवत नसे. आणि घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसाचा श्वास क्लोनाझेपामच्या गटातल्या गोळ्यांनी आणखी अडकू शकतो.

गोळी वाईटच, असे मी म्हणत नाही. घरात कोणी गेले, शस्त्रक्रिया झाली, अशा वेळी मी स्वतः ती थोड्या दिवसांसाठी लिहून देतो. पण दहा वर्षे हे तिचे काम नाही. थेरपी तरुणांसाठी आहे, हेही खरे नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर रुग्णांनाच घेतले होते. त्यात गोळी आणि थेरपी दोन्हींनी सुरुवातीला फायदा झाला, पण पुढे टिकला तो थेरपीचा. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात पहिला उपचार थेरपीच असावा, अशी शिफारस केली.

काका, आता तिसऱ्यांदा एकदम बंद करू नका. तुमच्या डॉक्टरांना ते पडणे आवर्जून सांगा.

राहुल | १० जानेवारी

माझाही हाच त्रास आहे. पहाटे तीनच्या आधी झोपच येत नाही. सुट्टीत अकरापर्यंत मस्त झोप लागते, कामाच्या दिवशी मात्र सातला उठताना जीव जातो. मीही अंथरुणातला वेळ कमी करू का?

वसुधा | १० जानेवारी

राहुल, तुमचा त्रास वेगळा दिसतो. मोकळीक मिळाली की तुम्ही तीन ते अकरा आठ तास सलग झोपता, म्हणजे झोप शाबूत आहे, शरीराचे घड्याळ पुढे सरकले आहे. त्यावर सकाळचा उजेड, उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणणे असे उपाय असतात. निशिगंधाताईंचा उपाय तुम्ही उचलू नका, स्वतंत्र धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहीन.

निशिगंधा | २ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे.

पहिला आठवडा भयंकर गेला. रात्री ९ ते १२:३० हा वेळ कसा काढायचा, हेच कळेना. ११ च्या सुमारास बसल्या जागी मान पडायची, म्हणून मी उभ्याने कपड्यांच्या घड्या घातल्या, कपाट आवरले, तेच कपाट पुन्हा आवरले. सरासरी झोप ४ तास ३५ मिनिटे भरली, म्हणजे साडेपाच तासांच्या ८३ टक्के, त्यामुळे वेळ वाढला नाही. मला रडू आले होते, कारण पूर्वीपेक्षाही झोप कमी झाली होती.

दुसऱ्या आठवड्यात चौथ्या रात्री मी आडवी झाले आणि त्यानंतरचे आठवते ते थेट पहाटे पाचचे. कितीतरी वर्षांत असे झाले नव्हते. त्या आठवड्याची सरासरी ४ तास ५५ मिनिटे, म्हणजे ८९ टक्के, आणि म्हणून वेळ १२:१५ झाली. तिसऱ्या आठवड्यात ५ तास १० मिनिटे, ९० टक्के, आणि आजपासून १२:००. म्हणजे तीन आठवड्यांनी मी अगदी तेवढीच झोपते आहे जेवढी आधी झोपत होते, फक्त नऊ तासांऐवजी पावणेसहा तासांत. त्याने इतका फरक पडेल असे वाटले नव्हते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. मध्यरात्री जाग आली की घड्याळ पाठमोरे असूनही मनात हिशेब सुरू होतो. आता २:४० झाले असतील, अजून झोपले तर तीन तास वीस मिनिटे मिळतील, तेवढ्यावर उद्याचा दिवस जाणार नाही, उद्या माझ्या हातून काहीतरी चूक होणार. छाती धडधडते आणि मग झोप गेलीच.

किरण | ३ फेब्रुवारी

ताईंचे वाचून बरे वाटले, पण माझा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते. मी हाच उपाय कोणालाही न विचारता एका ॲपवर पाहून केला होता. काही वर्षांपूर्वी मला उदासीनतेसाठी औषधे होती, ती गोष्ट संपली असे मी धरून चाललो. दोन आठवड्यांनंतर मला झोपेची गरजच वाटेनाशी झाली. चार तास झोपून मी ताजातवाना असे, रात्री दोनला नव्या योजना लिहीत असे, बोलणे थांबत नसे आणि खर्चही वाटेल तसा होऊ लागला. मला वाटले, उपाय लागू पडला. बहिणीने ओळखले आणि दवाखान्यात नेले, तेव्हा बायपोलरचे निदान झाले. कमी झोपेने ती अवस्था उफाळली होती. झोप कमी होऊनही माणूस दमत नसेल तर ती धोक्याची खूण आहे, हे मला कोणी आधी सांगायला हवे होते.

वसुधा | ३ फेब्रुवारी

किरण, हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. मी वर तिसरा प्रश्न विचारला होता तो याचसाठी, आणि पूर्वी ‘फक्त उदासीनता’ असे निदान झालेल्यांनाही तो नीट खोदून विचारावा लागतो. अशा रुग्णांमध्ये वेळ इतका आवळत नाहीत. उठण्याची वेळ पक्की करणे आणि मनातल्या समजुतींवर काम करणे यावर भर देतात, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीत.

निशिगंधाताई, तुमचा तो हिशेब म्हणजेच थेरपीच्या नावातला ‘कॉग्निटिव्ह’ भाग. त्या विचाराशी रात्री भांडायचे नाही, रात्री तो नेहमी जिंकतो. त्याची परीक्षा दिवसा घ्यायची. एक वही करा. सकाळी उठल्यावर लिहा: काल किती झोपले, आणि त्यामुळे आज नेमके काय बिघडेल असे वाटते. ‘दिवस वाया जाईल’ असे मोघम लिहू नका. ‘कामात दोन तरी चुका होतील’, ‘दुपारी कोणावर तरी ओरडेन’ असे तपासता येईल असे लिहा. संध्याकाळी त्याच पानावर प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. असे तीन आठवडे करा, आणि चांगल्या झोपेनंतरच्या दिवसांचीही नोंद ठेवा, कारण त्या दिवशीही चुका होतात, फक्त तेव्हा आपण झोपेला दोष देत नाही. माझ्या बहुतेक रुग्णांना यातून दिसते की वाईट रात्रीनंतरचा दिवस जड जातो, पण कोसळत नाही. हे मी सांगून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात वाचल्यावर पटते. आणि एकदा ते पटले की २:४० ला छाती धडधडायचे कारण कमी होते.

दुसरे म्हणजे, आठ तास झालेच पाहिजेत, हा आकडा मनातून काढा. काही प्रौढांना साडेसहा तास पुरतात. तुमचा आकडा कोणता, हे आपल्याला वेळ वाढवता वाढवता कळेल.

निशिगंधा | २ मार्च

सात आठवडे झाले. पाचव्या आठवड्यात घसरण झाली. वेळ ११:४५ झाली होती आणि झोप पाच तासांवर, ८० टक्क्यांवर आली. मी घाबरले, पण डायरी उघडल्यावर कारण सापडले. पाहुणे होते म्हणून दोन दुपारी अर्धा-अर्धा तास डोळा लागला होता आणि रविवारी मी ७:४५ ला उठले होते. एवढ्याशा सवलतीने पुढच्या तीन रात्री बिघडल्या. ते थांबवल्यावर पुढच्या आठवड्यात गाडी रुळावर आली. आता ११:३० ते ६:०० अशी वेळ आहे आणि साडेसहा तासांत ५ तास ४० मिनिटे, म्हणजे ८७ टक्के झोप होते.

वहीत १९ दिवसांच्या नोंदी आहेत. ‘चूक होणार’ असे ११ दिवशी लिहिले होते, त्यांपैकी ३ दिवशी खरोखर चूक झाली. साडेसहा तास झोपले होते त्या दोन दिवसांपैकी एकातही झाली. दुपारची चिडचिड मात्र खरी आहे, ती कमी झोपेनंतर होतेच, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवे.

पुढचा आठवडा असाच गेला तर गोळी कमी करायला सुरुवात करायची आहे. मानसशास्त्रज्ञ आणि गोळी लिहून देणारे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत.

सतीश | २ मार्च

क्रम योग्य आहे. आधी झोप सलग करावी आणि मग गोळीला हात लावावा, असे मीही सांगतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या वयस्कर लोकांचे तीन गट केले होते. देखरेखीखाली हळूहळू गोळी कमी करताना जोडीला थेरपी मिळालेल्या गटातल्या बहुतेकांची गोळी सुटली. नुसती गोळी कमी करणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांची सुटली.

एक सूचना. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जाते, रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणून मात्रा कमी केल्यावर पहिल्या दोन रात्री चांगल्या गेल्या तर लगेच निर्धास्त होऊ नका, त्रास चौथ्या-पाचव्या रात्री वर येतो. तो अपेक्षित आहे. आणि एकदम बंद करणे कधीच नको, त्यात फिट येण्याचा धोका असतो.

वसुधा | ३ मार्च

सतीश, क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. काही रुग्णांची गोळी मी थेरपीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, डॉक्टरांच्या संमतीने, कमी करायला घेते. गोळी चालू असताना झोप सुधारली की काही जण तिचे श्रेय गोळीलाच देतात, आणि मग ती सोडायची हिंमत होत नाही. झोपेची भूक उत्तम साठलेली असते तेव्हाच, म्हणजे वेळ आवळलेली असतानाच, मात्रा कमी केली तर ते सोपे जाते, असे मी पाहिले आहे.

सतीश | ३ मार्च

पटण्यासारखे आहे, पण माझ्याकडे येणारे बरेच जण साठीच्या पुढचे असतात. झोप आवळलेली आणि गोळीही कमी केलेली, अशा आठवड्यात ते पडले तर, ही भीती मला असते. सहा वर्षे घेणाऱ्यात आणि सहा महिने घेणाऱ्यातही फरक करावा लागेल.

श्रीधर | ५ मार्च

मी डॉक्टरांना पडण्याबद्दल सांगितले. त्यांनी गोळी पावभाग कमी केली आहे. थेरपीचे अजून ठरवलेले नाही. या वयात रात्री उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणे मला धोक्याचे वाटते.

वसुधा | ५ मार्च

काका, तुमची शंका रास्त आहे. तोल जाणाऱ्यांना मी उठून फिरायला सांगत नाही. अंथरुणातच टेकून बसायचे, मंद दिवा लावायचा, वाचायचे किंवा ऐकायचे आणि पेंग आली की आडवे व्हायचे, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. वेळही तुमच्यासाठी सहा तासांच्या खाली नेणार नाही. बाथरूमपर्यंतच्या वाटेवर मात्र आजच एक दिवा लावून घ्या.

निशिगंधा | २५ मे

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत संदेशात विचारले, म्हणून गोळीचे लिहिते. हे माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी आखलेले आहे, कृपया कोणी जसेच्या तसे उचलू नये.

१६ मार्चला ०.५ वरून ०.३७५ वर आले, म्हणजे ०.२५ ची दीड गोळी. सतीश यांनी लिहिले तसेच झाले. तीन रात्री काही नाही आणि चौथ्या रात्री साडेतीन तास झोप. आधी समजले नसते तर मी त्याच रात्री अर्धी गोळी आणखी घेतली असती. आठव्या दिवसापर्यंत झोप पूर्ववत झाली. ३० मार्चला ०.२५ वर आले आणि तिथे अडकले. रात्री अंग थरथरल्यासारखे वाटे, आवाज टोचत, दोन आठवड्यांनीही ते निवळले नाही. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही आणि पुढे कमीही केली नाही, चार आठवडे तिथेच ठेवली. त्या काळात रात्रीची वेळ पुन्हा १२:०० केली, उठण्याची ६ चीच. शेवटी शेवटी ते ओसरले. २७ एप्रिलला ०.१२५ वर आले.

आज चार आठवडे झाले, अजून त्याच अर्ध्या तुकड्यावर आहे. झोप ११:३० ते ६:०० मध्ये साधारण पावणेसहा तास होते. आठवड्यातून एखादी रात्र अजून वाईट जाते. तो अर्धा तुकडा एवढा लहान आहे की त्याने झोप येत असेल यावर माझाच विश्वास बसत नाही, तरीही तो उशापाशी नसेल तर मन अस्वस्थ होते. गेल्या शनिवारी मी तो दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि तिथून घेऊन मग झोपायला आले. डॉक्टर म्हणतात, जूनमध्ये एक दिवसाआड करून पाहू. मानसशास्त्रज्ञ म्हणतात, एक दिवसाआड नको, कारण गोळीच्या रात्रीची आणि बिनगोळीच्या रात्रीची तुलना सुरू होईल, त्यापेक्षा आणखी बारीक तुकडा रोज घ्यावा. दोघे पुढच्या आठवड्यात बोलणार आहेत.

वसुधा | २५ मे

मी तुमच्या मानसशास्त्रज्ञांच्या बाजूने आहे, पण ०.१२५ च्या खाली हाताने तुकडे सारखे पडत नाहीत, ही डॉक्टरांची अडचणही खरी आहे. हे औषध थेंबांच्या रूपात मिळू शकते का, ते त्यांना विचारून पाहा.